मारबतीची फिल्म: एडिटरला दिलेल्या ब्रीफच्या नोंदी

२६ ऑगस्ट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी नागपूरची मारबतीची मिरवणूक होऊन तीन दिवस झाले, कानातला ताशा अजून गेलेला नाही. आज सगळं फुटेज एका डिस्कवर ओतलं. माझा कॅमेरा, मैत्रिणीचा कॅमेरा आणि भाच्याचा मोबाइल मिळून पाच तास दहा मिनिटं. त्यात मिरवणूक आहे, चालू प्रश्नांवरचे पुतळे म्हणजे बडगे आहेत, काळी आणि पिवळी या दोन मारबतींचे मोठे पुतळे समोरासमोर येतात तो क्षण आहे. शिवाय बडगे बनवणाऱ्या काकांच्या अंगणात पोळ्याआधी दोन दिवस बसून घेतलेलं काम आणि मुलाखत.

संस्थेला कोजागिरीच्या कार्यक्रमात फिल्म दाखवायची आहे. भाऊ अध्यक्ष, शेवटचा शब्द त्यांचा. एडिटर वर्ध्याचा, फ्रीलान्स करतो, आधी माझे दोन छोटे व्हिडिओ त्याने केलेत. अठरा हजार ठरले. फोनवर तो म्हणाला, "ताई, दोन-तीन करेक्शन चालतील, त्यात काय." मीही म्हटलं, हो.

रात्री व्हॉट्सॲपवर ब्रीफ पाठवलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते, पुढे कामी येईल:

"५-६ मिनिटांची छान फिल्म हवी. फास्ट पण इमोशनल. म्युझिक पारंपरिक पण मॉडर्न टच. काही रेफरन्स पाठवतेय, बघून घे."

खाली नऊ लिंका.

४ सप्टेंबर

पहिला कट आला. आठ मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवातीलाच इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर बासरी, काकांच्या मुलाखतीखाली व्हायोलिन, आणि दर दोन सेकंदांनी फ्रेम झर्रकन फिरते. काका बांबूच्या कामट्या बांधताना बोटाला चटका बसल्यासारखा हात झटकतात, तो माझा सगळ्यात आवडता शॉट. तो या गडबडीत अर्धा सेकंद दिसतो.

मी सत्तावीस सूचना लिहिल्या. भाऊंनी परस्पर अकरा पाठवल्या, त्यातल्या तीन व्हॉइस नोट. संध्याकाळी एडिटरचा फोन आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता.

"ताई, यातलं कोणतं आधी करू? तुम्ही म्हणता मुलाखत कमी करा, भाऊ म्हणतात काकांना अजून बोलू द्या. आणि फास्ट तुम्हीच लिहिलं होतं."

लिहिलं होतं खरं.

फोन ठेवल्यावर सगळ्या अडतीस सूचना एका कागदावर घेऊन वेगळ्या केल्या. एडिटरची चूक म्हणता येईल अशा सहा: एका ठिकाणी काळी फ्रेम, दोन ठिकाणी आवाज फाटलेला, तीन शब्द चुकीचे. सतरा अशा की त्या गोष्टी मी कधी ठरवल्याच नव्हत्या, कट पाहिल्यावर कळलं की मला हे नकोय. आठ सूचना माझ्या आणि भाऊंच्या, एकमेकींच्या थेट विरुद्ध. उरलेल्या सात सूचनांत आम्ही असे शॉट मागत होतो जे आमच्यापैकी कोणी काढलेच नव्हते.

म्हणजे अडतिसांतल्या बत्तीस सूचना आमच्याच घरच्या होत्या. त्याला म्हटलं, दहा दिवस थांब, मी ब्रीफ नव्याने लिहिते. त्याने आठ दिवस रात्री बसून कट केला होता, त्याचे तीन हजार माझ्या खिशातून वेगळे दिले. भाऊंना ते अजून सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर

आधी लांबी. "५-६ मिनिटं" हा आकडा मी कुठून काढला, ते मलाच सांगता येईना. कार्यक्रमपत्रिका मागवली. भाषणं आणि गरम दूध यांच्यामध्ये फिल्मला सात मिनिटं आहेत. दिवे बंद होणं, टाळ्या वगैरे धरले तर फिल्म साडेसहाच्या वर जाता कामा नये.

मग निवेदन मोठ्याने वाचून मोबाइलवर वेळ लावली. आठशे वीस शब्दांना सहा मिनिटं चाळीस सेकंद लागले. मिनिटाला साधारण एकशे तेवीस शब्द, हा माझा सावकाश पण न रेंगाळणारा वेग. थोडक्यात, मी सहा मिनिटांच्या फिल्मसाठी पावणेसात मिनिटांचं निवेदन दिलं होतं. बिचाऱ्याने ते सगळं बसवलं, आणि फिल्म आठ-चाळीसवर गेली. लांबीची चूक त्याची नव्हतीच.

आता उलटीकडून हिशोब केला. निवेदन कुठे गप्प बसलं पाहिजे? दोन मारबती भेटतात तिथे पंचेचाळीस सेकंद. दहनाला चाळीस. काकांच्या हातांना पन्नास. काकांच्या स्वतःच्या बोलण्याला पंचाहत्तर. बेरीज साडेतीन मिनिटं. सहातून साडेतीन गेली की अडीच मिनिटं उरतात, आणि अडीच मिनिटांत माझे तीनशे शब्द मावतात. तीनशेच.

आठशे वीसचे तीनशे करताना बांकाबाई गेल्या. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांना साथ दिल्याच्या रागातून निघाली असं सांगतात. पण ही गोष्ट नव्वद शब्दांखाली नीट सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितली तर शहरातली म्हातारी माणसं मला सभागृहातच धरतील. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, एवढं ठेवलं. बाकी चित्र सांगेल.

ब्रीफमध्ये लांबीचा परिच्छेद असा झाला:

"मुख्य फिल्म ६:००. तीस सेकंद इकडेतिकडे चालतील, पण नामावली धरून ६:३० ही हद्द. निवेदन ३०० शब्द, ध्वनिमुद्रण सोबत. वर सांगितलेल्या चार जागी निवेदन येणार नाही. लांबी वाढत असेल तर आधी मिरवणुकीचे शॉट कापावेत, काकांचे हात कापू नयेत."

शेवटचं वाक्य मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. काय ठेवायचं हे सगळेच सांगतात. जागा कमी पडली तर आधी काय टाकायचं, हे सांगितलं नाही तर एडिटर स्वतःच्या आवडीने टाकतो, आणि मग फेरी वाया जाते.

भाच्याला फोनवर फिरवायला एक मिनिटाची उभी आवृत्तीही हवी आहे. ती आताच लिहून टाकली, कारण आडव्या फ्रेमच्या बाजू कापल्या की उभी फिल्म तयार होत नाही. गर्दीच्या आडव्या शॉटमध्ये मधली पट्टी ठेवली तर नुसत्या पाठी दिसतात. मारबत स्वतःच उंच, त्यामुळे ती उभ्या चौकटीत छान बसते. भाच्याने मोबाइल उभा धरून घेतलेले चौदा शॉट क्रमांकांसह दिले, उभी आवृत्ती त्यांतूनच करावी.

७ सप्टेंबर

नऊ लिंका परत उघडल्या. एकीत ड्रोनवरून शहर दिसतं. आमच्याकडे ड्रोन नव्हता. एक जाहिरात आहे, तिच्यात प्रकाशयोजनेवरच आमच्या सगळ्या बजेटहून जास्त खर्च झाला असेल. दोन मी रात्री बारा वाजता "वा!" म्हणून पाठवल्या होत्या, त्यात नेमकं काय आवडलं ते आज आठवत नाही.

एडिटरला विचारलं, तुला लिंक आली की तू काय पाहतोस? तो म्हणाला, "ताई, मला कळत नाही तुम्हाला त्यातला रंग हवा का, वेग हवा का, म्युझिक हवं. मग मला जे आवडतं ते घेतो."

म्हणून आता तीनच ठेवले, आणि प्रत्येकाला मिनिट-सेकंद आणि एकच कारण. वेगाचं भांडण मोजून सोडवलं. घड्याळ समोर ठेवून पहिल्या एका मिनिटात किती वेळा शॉट बदलतो ते मोजलं. मी ज्याला "फास्ट" म्हणत होते त्या बातमीवजा व्हिडिओत चौतीस वेळा, म्हणजे शॉट सरासरी पावणेदोन सेकंद टिकतो. विणकरांवरच्या एका छोट्या फिल्ममध्ये अकरा वेळा, शॉट साडेपाच सेकंद. दुसरी पाहताना मला घाई वाटली नव्हती, पण कंटाळाही आला नव्हता. मला तीच हवी होती. फास्ट हा शब्द मी सवयीने लिहिला, आजकाल सगळेच लिहितात.

पण साडेपाच सेकंदांचे शॉट हवेत, तर ते आमच्याकडे आहेत का? बसून मोजलं. काकांच्या हातांचे न हललेले, फोकसमध्ये असलेले शॉट सात, एकूण एक मिनिट बावन्न सेकंद. पन्नास सेकंदांना या वेगाने नऊ शॉट लागतात. सातांतले दोन लांब आहेत, ते तोडून वापरता येतील. म्हणजे जेमतेम भागतं. मिरवणुकीत मात्र भाच्याचा मोबाइल कुठेच चार सेकंद स्थिर नाही, तिथे हा वेग मागणं म्हणजे एडिटरला हलणाऱ्या बसमध्ये बसवून रांगोळी काढायला सांगणं.

ब्रीफमध्ये गेलेला मजकूर:

"रेफरन्स १, ०:१० ते १:१०. फक्त वेग पाहावा, मिनिटाला १० ते १२ कट. हा वेग काकांच्या अंगणासाठी. रंग पाहू नये, आमचं अंगण दुपारच्या उन्हातलं आहे, तसं पिवळसरच राहू द्यावं.
रेफरन्स २, २:०५ ते २:४०. गर्दीतून एका चेहऱ्यावर येण्याची पद्धत. मिरवणुकीसाठी, मिनिटाला २० कटपर्यंत चालेल.
रेफरन्स ३, शेवटची वीस सेकंदं. नामावली काळ्या पडद्यावर, आवाज हळूहळू बंद.
नको असलेलं: तुझ्याच पहिल्या कटमधलं २:१० ते २:४०. फिरकी घेणारी ट्रान्झिशन कुठेच नको, साधा कट."

त्याचाच कट नकारात्मक उदाहरण म्हणून देताना जरा संकोच वाटला. तो म्हणाला, उलट बरं झालं, एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही.

९ सप्टेंबर

म्युझिक. यात पूर्ण दिवस गेला.

सकाळी मी लिहिलेलं वाक्य होतं, "मातीतलं, साधं, पण मनाला भिडणारं." वाचून स्वतःलाच हसू आलं. असं वाक्य दहा जणांना दिलं तर दहा जण दहा फाइल आणतील, आणि एकही चूक ठरणार नाही. आवडीची पाच गाणी पाठवावी म्हटलं तर एडिटरने उलटा प्रश्न केला, "यात तुम्हाला वाद्य आवडतं, ठेका आवडतो, का मधली मोकळी जागा?" पाचही गाणी परत ऐकली. चारांमध्ये मला मोकळी जागाच आवडत होती. एकच वाद्य, आणि दोन सुरांमधली शांतता. हे कळायला माझ्या वयाची बेचाळीस वर्षं लागली, पण ब्रीफमध्ये ते एका ओळीत आलं: एका वेळी एक वाद्य, ठेका नाही, गाणारा आवाज नाही, व्हायोलिन आणि बासरी नको.

त्याहून महत्त्वाचं, म्युझिक कुठे नको. काका बोलतात तिथे काहीच नको. ते म्हणतात, "वर्षभराचं वाईट आम्ही कागदाचं करतो अन् जाळून टाकतो," आणि मग थोडा वेळ गप्प बसतात. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीवर सूर चढवला की काका दुःखी वाटू लागतात. ते दुःखी नाहीत, ते वैतागलेत. दोन मारबती भेटतात तिथेही फक्त ढोल-ताशा. आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी दोन ठिकाणी स्वच्छ मिळाली आहे, त्यांचे टाइमकोड दिले, तिथे सगळं बंद. म्हणजे आणलेलं म्युझिक फक्त सुरुवातीला, अंगणातल्या कामाखाली आणि नामावलीला, मिळून दीड मिनिट.

दुपारनंतर खरी अडचण लक्षात आली. मिरवणुकीत ढोल-ताशाबरोबर डीजेच्या गाड्याही असतात, आणि त्यांच्यावर सिनेमाची गाणी. ती आमच्या फुटेजमध्ये आहेत, माणसांच्या आवाजात पार मिसळलेली. सभागृहात कोणी विचारणार नाही, पण संस्थेला फिल्म यूट्यूबवरही टाकायची आहे. तिथली स्वयंचलित तपासणी गर्दीतलं मागचं गाणंसुद्धा ओळखते. ओळखलं की गाण्याचा मालक दावा लावतो. जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जातात, किंवा त्याने तसं ठरवलं असेल तर व्हिडिओच अडवला जातो. गाणं आणि आरोळी एकाच माइकवर आलेली असल्याने एडिटर नुसतं गाणं काढूही शकत नाही, निदान ऐकण्यासारखं तरी नाही.

म्हणून हेडफोन लावून पाच तास दहा मिनिटं पुन्हा ऐकली. डोळे मिटून, कारण चित्र दिसलं की कान झोपतात. त्यातल्या जवळपास दीड तासात डीजे आहे. क्लिपचं नाव, कुठून कुठे, आणि गाणं जोरात आहे की मागे, अशी यादी झाली.

त्या यादीवर उपाय लिहिला: चित्र वापरावं, आवाज पूर्ण बंद, त्याजागी मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला बारा मिनिटांचा ढोल-ताशा. एडिटरने लगेच त्यातली खोच दाखवली. ताशेवाल्याचे हात जवळून दिसत असतील आणि खालून दुसऱ्याच ताशाचा आवाज येत असेल, तर न वाजवणाऱ्या माणसालाही काठी आणि ठोका जुळत नाही हे खटकतं. नाचणाऱ्यांचंही तसंच, त्यांची पावलं डीजेच्या तालावर पडलेली. म्हणून अट जोडली: यादीतल्या क्लिपांमधून फक्त लांबचे शॉट, मारबतीचा चेहरा, आणि गॅलरीत उभी राहून पाहणारी माणसं. नाचणारे पाय नाहीत, वाजवणारे हात नाहीत.

शेवटी दोन ओळी कागदपत्रांच्या. म्युझिक पैसे देऊन घेतलेल्या लायब्ररीतलं, परवाना संस्थेच्या नावावर, पावती अंतिम फाइलबरोबर. फुकटचं घ्यायचंच झालं तर CC BY परवान्याचं, आणि रचनाकाराचं नाव नामावलीत. आणि तात्पुरतं म्हणूनसुद्धा कुठलं सिनेमाचं गाणं लावून कट पाठवू नये. भाऊ ते दोनदा ऐकतील, तिसऱ्या वेळी त्यांना तेच हवं असेल, आणि मग कुठलंही परवान्याचं म्युझिक त्यांना फिकंच लागेल.

१२ सप्टेंबर

भाऊंकडे गेले. तर्री पोह्यांची प्लेट समोर ठेवून विषय काढला, रिकाम्या पोटी त्यांच्याशी पैशाचं बोलू नये.

सांगितलं की आता सुधारणेच्या तीन फेऱ्या, मोजून. ते म्हणाले, "पैसे देऊन राहिलो ना आपण, मग मोजून काऊन? दोन सेकंद इकडचे तिकडे करायला काय लागते त्याले?"

लॅपटॉप उघडून पहिल्या कटवर दाखवलं. अडीच मिनिटांवरचा एक चार सेकंदांचा शॉट काढायला सांगितला, तर त्याच्यापुढचं सगळं चार सेकंद अलीकडे सरकतं. निवेदनाचं वाक्य आता दुसऱ्याच चेहऱ्यावर पडतं, म्युझिक आधीच संपतं, मजकुराच्या पट्ट्या चुकतात. कट अजून कच्चा असेल तर हे दहा मिनिटांचं काम. रंग आणि आवाजाचं मिश्रण झाल्यावर तेच सांगितलं तर अर्धा दिवस, कारण ती दोन्ही कामं त्या जागी पुन्हा करावी लागतात. भाऊंनी आयुष्यभर बांधकामाची ठेकेदारी केली. म्हणाले, "म्हणजे प्लास्टर झाल्यावर वायरिंगची आठवण." हे वाक्य ब्रीफमध्ये टाकायचा मोह झाला होता.

मग पुढचं सगळं त्यांनीच भराभर मान्य केलं. ब्रीफमधला भाग:

"एक फेरी म्हणजे एक यादी. यादी एकाच व्यक्तीकडून (माझ्याकडून) येईल, भाऊंच्या सूचना त्यात मिसळलेल्या असतील. कट आल्यापासून चार दिवसांत. यादी पाठवल्यावर आठवलेलं पुढच्या फेरीत.
फेरी १: रचना. काय राहील, काय जाईल, कशानंतर काय. रंग आणि आवाजाबद्दल कोणी बोलणार नाही.
फेरी २: शॉटची लांबी, म्युझिकची फाइल आणि जागा. यानंतर चित्र बंद.
फेरी ३: रंग, आवाजाची पातळी, अक्षरं. शॉट हलणार नाहीत.
तुझ्या हातून राहिलेली चूक (काळी फ्रेम, फाटलेला आवाज, आम्ही दिलेलं नाव चुकीचं टाइप होणं) फेरीत धरली जाणार नाही, ती कधीही दुरुस्त व्हावी. आम्ही दिलेलंच नाव चुकीचं असेल, तर ती आमची फेरी.
चौथी फेरी दोन हजार. नवं फुटेज, नवं निवेदन किंवा नवी आवृत्ती म्हणजे नवं काम, आधी दर ठरेल मग हात लागेल.
पैसे: सुरुवातीला सात हजार, चित्र बंद झाल्यावर सात, अंतिम फाइलींवर चार."

एडिटरने एक अट स्वतःहून मागितली. आमच्याकडून सात दिवस उत्तर आलं नाही तर ती फेरी मान्य समजायची. गणपती-नवरात्रात त्याच्याकडे लग्नाचे, शाळांचे, सगळ्यांचे कट अडकून पडतात आणि मग एकाच आठवड्यात सगळे जागे होतात. मान्य केलं.

१४ सप्टेंबर

ब्रीफ दोन पानांचं झालं. पाठवून त्याला म्हटलं, वाचलंस एवढं सांगू नकोस, मला फिल्म तोंडी सांग. त्याने पंधरा मिनिटं सांगितली. दोन ठिकाणी अडला, आणि अडला तिथेच ब्रीफमध्ये भोक होतं.

पहिलं, बडग्यांवरच्या पाट्या. बडगे चालू प्रश्नांवर असतात, पाट्यांवर पुढाऱ्यांची, पक्षांची नावं असतात. संस्थेला ती चालणार आहेत का? मी विचारच केला नव्हता. भाऊंना विचारलं, ते दोन मिनिटं गप्प बसले. महागाईचा, खड्ड्यांचा बडग्या चालेल, कोणाचं नाव वाचता येईल असा नको.

दुसरं, भाच्याच्या मोबाइलचं फुटेज. मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. त्या क्लिपा ठरावीक वेगात बदलून घ्यायचं काम त्याचं, पण त्याला एक दिवस लागेल हे तारखांत धरलं.

२२ सप्टेंबर

आज घटस्थापना. नवा कट सकाळी आला. सहा मिनिटं वीस सेकंद. हात झटकण्याचा शॉट पूर्ण चार सेकंद आहे.

पहिल्या फेरीची यादी नऊ सूचनांची. शीटमध्ये तीन रकाने: कुठे, काय खटकतं, का. "काय करावं" हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "१:५२, हा शॉट काढ." ते खोडून लिहिलं, "१:५२, इथे काका अजून अंगणात आहेत की मिरवणुकीत पोचले, कळत नाही." त्याने शॉट काढला नाही, त्याच्याआधी दोन सेकंद रस्त्याचा आवाज सरकवला. प्रश्न मिटला. मला हे सुचलं नसतं.

२७ सप्टेंबर

दुसरी फेरी. भाऊंना नामावलीला सनई हवी. एका वेळी एक वाद्य या अटीत ती बसते, घेतली. बाकी चार सूचना, सगळ्या अर्ध्या-एक सेकंदाच्या. चित्र बंद. सात हजार दिले.

१ ऑक्टोबर

अक्षरं आली आणि "पिवळी"ची वेलांटी प च्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी पडलेली. त्याने मधेच नवा कॉम्प्युटर घेतला होता. प्रीमियरच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन `South Asian and Middle Eastern` करावं लागतं, ते राहिलं होतं. ही त्याची बाजू, फेरीत नाही. काकांच्या आडनावातला ळ मात्र मीच यादीत ल लिहिला होता. तो तिसऱ्या फेरीत.

३ ऑक्टोबर

काल दसरा, दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे शहरात कुठे हलता आलं नाही, घरी बसून तिसरी फेरी पुरी केली. आज भाऊंचा फोन, उद्घाटनाच्या भाषणातले तीस सेकंद शेवटी जोडता येतील का. ब्रीफची ओळ वाचून दाखवली: नवं फुटेज, नवं काम. एडिटरने अडीच हजार आणि तीन दिवस सांगितले. कोजागिरीला तीनच दिवस उरलेत. भाऊ म्हणाले, राहू दे, मी समोर उभा राहूनच बोलतो.

४ ऑक्टोबर

अंतिम फाइल खासगी ठेवून यूट्यूबवर चढवली, नुसती `Checks` काय म्हणतं ते पाहायला. दावा निघाला. ४:११ ते ४:२३, सिनेमाचं गाणं. हेडफोन लावून ऐकलं तर खरंच, पिवळीच्या लांबच्या शॉटखाली कुठेतरी दूर, ढोलाच्या मागे. माझी यादी काढली. ती क्लिप यादीत नाही. त्या दिवशी पाचव्या तासाला मी डोळे मिटून ऐकत होते, आणि बहुधा झोपलेच होते.

तीन फेऱ्या संपलेल्या. चूक माझी, म्हणून चौथी फेरी, दोन हजार, हेही माझ्याच खिशातून. त्याने बारा सेकंदांखाली रेकॉर्डरवरचा ताशा घातला आणि रात्री साडेअकराला नवी फाइल पाठवली. पुन्हा चढवली. दावा नाही. पावती, परवाना, निवेदनाशिवायची आवृत्ती आणि उभी फिल्म एकाच फोल्डरमध्ये आली, उरलेले चार हजार आणि हे दोन पाठवले. भाऊंना एकूण पाच हजारांचं कोजागिरी झाल्यावर सांगेन, दूध पिऊन झाल्यावर.